आपल्या खात्यात अजून कोण बसलंय?

(युवा शिबिरातील भाषणाचा मजकूर)



एरवी भाषण सुरू झालं की मोबाइल खिशात ठेवायला सांगतात. मी उलट सांगतो, सगळ्यांनी मोबाइल बाहेर काढा. आपल्याला दोन याद्या बघायच्या आहेत, एक व्हॉट्सॲपची आणि एक गूगलची. आपलं खातं या क्षणी कोणकोणत्या मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर उघडं आहे, ते या याद्या सांगतात. यादी उघडायला अर्धं मिनिट लागतं. ती वाचायची कशी, हे मात्र कुणी शिकवत नाही, म्हणून बराचसा वेळ त्यावर घालवणार आहे.

आधी एक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आपल्याला वाटतं की पासवर्ड म्हणजे किल्ली आणि प्रत्येक वेळी खातं उघडताना ती लागते. तसं असतं तर रोज सकाळी जीमेल उघडताना पासवर्ड टाकावा लागला असता. पासवर्ड लागतो तो एकदाच, पहिल्यांदा आत जाताना. त्या वेळी पलीकडची कंपनी आपल्या ब्राउझरला एक लांबलचक गुप्त आकडा देते आणि ब्राउझर तो जपून ठेवतो. पुढच्या प्रत्येक वेळी तो आकडा दाखवला की दार उघडतं. लोकलच्या महिन्याच्या पाससारखं आहे हे. खिडकीवर एकदा पैसे भरले, पास मिळाला, मग महिनाभर खिडकीवर जावं लागत नाही. या चालू असलेल्या पासाला सेशन म्हणतात.

म्हणून, "माझा पासवर्ड कुणालाच माहीत नाही" किंवा "माझ्या खात्याला ओटीपी आहे" या दोन्ही वाक्यांवर मी समाधान मानत नाही. ओटीपी दारावर उभा असतो. जो आधीच आत बसलेला आहे, त्याला तो विचारत नाही.

आता व्हॉट्सॲप उघडा. अँड्रॉइडवर वरच्या तीन टिंबांना दाबा, आयफोनवर `Settings` मध्ये जा. तिथे `Linked devices` असं लिहिलेलं दिसेल. ते उघडा. बहुतेकांची यादी रिकामी असेल. ज्यांनी ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब लावलंय, त्यांना तिथे एखादी ओळ दिसेल, कोणता ब्राउझर, कोणती सिस्टीम आणि शेवटचा वापर कधी झाला. मुख्य मोबाइल सोडून जास्तीत जास्त चार जोडण्या होऊ शकतात.

ही जोडणी पूर्वी वेगळी चालायची. मोबाइल बंद केला, नेट गेलं, की कॉम्प्युटरवरचं व्हॉट्सॲपही थांबायचं. आता तसं होत नाही. एकदा जोडलेला कॉम्प्युटर स्वतंत्रपणे संदेश घेत राहतो, तुमचा मोबाइल चार्जिंगला लावून तुम्ही झोपलेले असलात तरी. मुख्य मोबाइल १४ दिवसांपेक्षा जास्त वापरलाच नाही, तर जोडण्या आपोआप तुटतात. पण चौदा दिवस व्हॉट्सॲप न उघडणारा माणूस या सभागृहात आहे का?

जोडणी दोन प्रकारे होते. एक, कॉम्प्युटरवरचा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन करायचा. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढताना आपण हेच करतो. दुकानदार म्हणतो, "स्कॅन करा, फाइल काढून घेतो." आपण स्कॅन करतो, प्रिंट घेतो, दहा रुपये देतो आणि निघतो. जोडणी तिथेच राहते. दुसऱ्या प्रकारात कॉम्प्युटरवर तुमचा नंबर टाकला की आठ अक्षरांचा कोड दिसतो आणि तो मोबाइलमध्ये भरायचा असतो. फसवणारे हाच रस्ता वापरतात. ओळखीच्या नंबरवरून "हा फोटो तुझाच आहे का?" असा संदेश आणि लिंक येते. लिंकवर गेलं की नंबर विचारतात, मग एक कोड दाखवतात आणि पडताळणीसाठी तो व्हॉट्सॲपमध्ये भरा म्हणतात. तो कोड भरणं म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर आपल्या हातानं जोडून घेणं. ओटीपी कुणाला सांगू नये हे आता घरातल्या दादीलाही पाठ झालंय. इथे मात्र कोड आपल्याकडून मागत नाहीत, उलट आपल्याला देतात, म्हणून संशय येत नाही.

व्हॉट्सॲपचा सहा आकडी पिन लावलेला असला तरी ही जोडणी अडत नाही, तो पिन नंबर दुसऱ्या मोबाइलवर नव्याने चालू करताना विचारला जातो. तेव्हा यादीत न ओळखणारी ओळ दिसली तर स्क्रीनशॉट घ्या, ओळीवर टॅप करा आणि `Log out` दाबा. तिथून पुढे येणारे संदेश त्या कॉम्प्युटरवर जाणार नाहीत. जी फाइल तिथे डाउनलोड झाली, ती मात्र तिथल्या `Downloads` मध्ये पडून असते. आधार कार्डाची पीडीएफ प्रिंट करायला दिली असेल, तर लॉगआउट केल्याने ती पुसली जात नाही. ती दुकानातच, समोर उभं राहून पुसून घ्यावी लागते. लाजायचं काही कारण नाही.

व्हॉट्सॲपचं एवढं पुरे. गूगलचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे, कारण त्याची यादी दिसायला साधी आणि वाचायला फसवी आहे.

इचलकरंजीच्या एका विद्यार्थिनीची यादी मी तिच्याबरोबर बसून वाचली होती. तिच्या परवानगीने सांगतो, नाव सांगत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला ती एका अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात गेली होती. आपल्याकडे हे नेहमीचंच. घरी कॉम्प्युटर नाही, महाडीबीटीची साइट मोबाइलवर नीट चालत नाही, तिथला माणूस पन्नास-शंभर रुपयांत सगळं करून देतो. तीन आठवड्यांनी तिच्या मोबाइलवर गूगलकडून सूचना आली, सुरक्षेची तपासणी करा. ती घाबरली. घरी सांगितलं तर "आता मोबाइलच नको" असं ऐकावं लागेल, ही भीती वेगळीच.

आम्ही `myaccount.google.com` उघडलं. तिथे `Security & sign-in` नावाचा विभाग असतो, त्यात खाली `Your devices` आणि त्याखाली `Manage all devices`. अँड्रॉइड मोबाइलमध्ये `Settings` मधल्या `Google` वरूनही इथे पोचता येतं. सध्या जिथे खातं उघडं आहे ती आणि गेल्या काही आठवड्यांत जिथे उघडं होतं ती, अशी दोन्ही प्रकारची उपकरणं या यादीत येतात. तिच्या यादीत चार ओळी होत्या.

पहिली ओळ तिच्या हातातल्या मोबाइलची. त्यापुढे `Your current session` असं लिहिलेलं असतं. ती ओळखली की निम्मं काम झालं, कारण घाबरून भराभर सगळं बंद करणारे लोक पहिल्यांदा स्वतःलाच बाहेर काढतात.

दुसरी ओळ एका अँड्रॉइड मोबाइलची, ठिकाण मुंबई. ती म्हणाली, "मी तर मुंबईला दोन वर्षांत गेलेली नाही." इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच चुकीचा निष्कर्ष काढतात. यादीतलं ठिकाण जीपीएसवरून येत नाही. इंटरनेटचा जो पत्ता त्या वेळी वापरला गेला, त्यावरून ते अंदाजाने ठरवलेलं असतं. मोबाइल डेटावर हजारो ग्राहकांचं इंटरनेट कंपनीच्या एखाद्या मोठ्या शहरातल्या यंत्रणेतून बाहेर पडतं. त्यामुळे बीडमध्ये बसलेल्या माणसाचं ठिकाण पुणे दिसू शकतं आणि इचलकरंजीचं मुंबई. घरच्या वायफायवर तोच मोबाइल बरोबर जागा दाखवेल आणि डेटावर गेला की पुन्हा मुंबईला पोचेल. म्हणून नुसत्या शहराच्या नावावरून कुणाला चोर ठरवू नका. मोबाइलचं मॉडेल आणि वापराची वेळ बघा. आम्ही ओळीवर टॅप केलं, मॉडेल दिसलं. तो तिच्या अम्मीचा मोबाइल होता. धाकट्या भावाच्या शाळेचा व्हिडिओ बघायला तिनेच कधीतरी आपलं खातं त्यात टाकलं होतं.

तिसरी ओळ विंडोज कॉम्प्युटर, ब्राउझर क्रोम, ठिकाण कोल्हापूर, आणि शेवटचा वापर आदल्या दिवशीच्या संध्याकाळचा. चौथी ओळही विंडोजचीच, पण तीन आठवड्यांपूर्वीची. इथे ती म्हणाली की केंद्रातल्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ होतं, त्याचा नवा मेनू तिला आठवत होता, आणि ओळीत तर विंडोज १० दिसतंय, म्हणजे हा दुसराच कुणीतरी. तसं नाही. ब्राउझर स्वतःची ओळख सांगताना विंडोज ११ वरसुद्धा असं लिहितो:

```
Windows NT 10.0; Win64; x64
```

या ओळखीवरूनच यादीतलं नाव बनलेलं असेल, तर अकरा नंबरचं विंडोज दहा नंबरचं दिसतं. क्रोमने अँड्रॉइडची ओळखही अशीच आखडती घेतली आहे, म्हणून काही साइटच्या यादीत मॉडेलच्या जागी नुसतं `K` दिसतं. असा `K` दिसला की आमच्या क्षेत्रात नसलेली माणसं दचकतात. ते क्रोमने सरसकट सगळ्या अँड्रॉइडना दिलेलं एक अक्षर आहे. आणि एकाच प्रकारच्या दोन ओळी म्हणजे दोन कॉम्प्युटर असतीलच असंही नाही. एकाच कॉम्प्युटरवर दोन ब्राउझरमधून गेलात, किंवा एकदा कुकीज पुसून पुन्हा लॉगिन केलंत, तरी दोन सेशन होतात.

मग उरली वेळ. यादीतली सगळ्यात विश्वासू साक्षीदार तीच. तिने आपले व्हॉट्सॲपवरचे संदेश उघडून केंद्रात गेल्याचा दिवस काढला. चौथी ओळ बरोबर त्या दिवसाची होती, नंतर हालचाल नाही. तिसरी मात्र काल संध्याकाळपर्यंत जिवंत. काल संध्याकाळी ती घरी होती आणि घरात कॉम्प्युटर नाही. म्हणजे केंद्रातल्या कुठल्यातरी ब्राउझरमध्ये तिचं खातं तीन आठवडे उघडंच होतं.

कुणी तिची मेल वाचली का? हे यादीवरून सांगता येत नाही, आणि तिलाही मी तेच सांगितलं. ब्राउझर नुसता उघडला, तो मागच्या मागे गूगलशी बोलला, तरी शेवटच्या वापराची वेळ पुढे सरकते. त्या केंद्रातल्या माणसाने मुद्दाम काही केलं असं म्हणायला आधार नव्हता. दिवसाला चाळीस अर्ज भरणारा माणूस लॉगआउट करायचं विसरतो. पण त्या खुर्चीवर दिवसभरात कितीजण बसतात आणि उघडं जीमेल कुणाच्या नजरेला पडतं, हे त्याच्याही हातात नसतं.

आता बंद करण्याची पाळी, आणि इथे क्रमाला महत्त्व आहे. आधी यादीचे स्क्रीनशॉट, कारण ओळ बंद केल्यावर तिचे तपशील नंतर हाताशी राहतीलच असं नाही. मग `Sign out` दाबण्याआधी आम्ही त्याच पानावर खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आणि दुसरा ईमेल बघितला. पासवर्ड विसरला तर गूगल ज्यांच्याकडे कोड पाठवतं, ते हे दोन पत्ते. तिथे एक नंबर होता जो तिचा नव्हता, अब्बूंचाही नव्हता. दोन वर्षांपूर्वी अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी दुसऱ्या एका केंद्रात तिचा ईमेल काढून दिला होता आणि तिथल्या माणसाने घाईत स्वतःचाच नंबर टाकला होता. हे फार ठिकाणी होतं. अशा खात्यातून अनोळखी सेशन शंभरदा बंद केलं तरी, त्या नंबरचा मालक "पासवर्ड विसरलो" म्हणून पुन्हा आत येऊ शकतो.

तो नंबर काढून तिने आपला टाकला. मग तिसऱ्या आणि चौथ्या ओळीवर जाऊन `Sign out`. लगेच, त्याच बैठकीत, पासवर्ड बदलला. हे आवश्यक होतं, कारण केंद्रात लॉगिन करताना क्रोमने "पासवर्ड जतन करू का?" असं विचारलेलं असतं आणि समोरच्याने घाईत `Save` दाबलेलं असू शकतं. तसं असेल तर सेशन बंद करूनही त्या कॉम्प्युटरवर दोन क्लिकमध्ये पुन्हा लॉगिन होतं.

मग कुणी विचारेल की थेट पासवर्डच बदलला तर? गूगलमध्ये पासवर्ड बदलला की बहुतेक ठिकाणचं लॉगिन सुटतं, पण सगळीकडचं नाही. लॉगिनच्या वेळी "तुम्हीच आहात ना?" हे ज्या उपकरणावर विचारलं जातं, ते उपकरण आत राहतं. ज्या बाहेरच्या ॲपना आपण खात्याची परवानगी दिलेली असते, त्यांच्यातलीही काही राहतात. म्हणून पासवर्ड बदलूनही यादी उघडून बघावीच लागते. इतर कंपन्यांचे नियम आणखी वेगळे असतात. इन्स्टाग्रामवर आणि फेसबुकवर हीच यादी `Accounts Center` मध्ये, `Password and security` खाली, `Where you're logged in` या नावाने मिळेल. वाचायची पद्धत तीच.

जीमेलसाठी एक जास्तीचं काम आहे. ते मोबाइलच्या ॲपमध्ये होत नाही, कॉम्प्युटरवरच करावं लागतं, आणि तो कॉम्प्युटर विश्वासातला असावा. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये `See all settings` दाबा आणि `Forwarding and POP/IMAP` बघा. आपली मेल दुसऱ्या एखाद्या पत्त्यावर आपोआप पाठवायची सोय तिथे असते. आत शिरलेल्या माणसाने ती लावून ठेवली असेल, तर त्याला सेशनची गरजच उरत नाही, मेल त्याच्या घरी चालत जाते. शेजारच्या `Filters and Blocked Addresses` मध्येही एक नजर टाका. तिच्या खात्यात असलं काही नव्हतं.

तिला मी आठव्या दिवशी यादी पुन्हा उघडायला सांगितलं होतं. आठव्या दिवशीच का, तर जोडलेला नंबर बदलल्यावरही सात दिवसांपर्यंत गूगल जुन्या नंबरवर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. हेतू चांगला आहे, चोराने नंबर बदलला तर खऱ्या मालकाला परत येता यावं. पण आपल्या प्रकरणात जुना नंबरच परका होता. आठव्या दिवशी तिने स्क्रीनशॉट पाठवला. खातं उघडं असलेल्या दोनच ओळी होत्या, तिची आणि अम्मीची.

आता जरा अवघड बोलतो. आत्तापर्यंत अनोळखी सेशन म्हणजे बाहेरचा माणूस असं गृहीत धरलं. माझ्याकडे विचारायला येणाऱ्या मुलींच्या आणि विवाहित बहिणींच्या बाबतीत मात्र अनेकदा यादीतलं उपकरण चांगलं ओळखीचं निघतं. भावाचा लॅपटॉप. नवऱ्याच्या दुकानातला कॉम्प्युटर. व्हॉट्सॲप जोडायला मोबाइल एक मिनिट हातात मिळाला तरी पुरतो. "घरात काय लपवायचं?" असं म्हणणारे भाऊ इथेही बसले असतील. त्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की तुमच्या मोबाइलची यादी बहिणीच्या हातात देऊन बघा, मग बोलू.

अशा वेळी तंत्रापेक्षा दुसरीच गोष्ट आधी बघावी लागते. `Log out` दाबलं की पलीकडच्या स्क्रीनवर ते लगेच दिसतं. बाहेरच्या चोराला कळलं तर काय बिघडतं? पण त्याच घरात राहणाऱ्या, हात उगारणाऱ्या माणसाला कळलं तर परिणाम त्या बाईला भोगावे लागतात. म्हणून तिथे माझा सल्ला बदलतो. स्क्रीनशॉट घ्या आणि तो त्या मोबाइलमध्ये न ठेवता विश्वासातल्या मैत्रिणीकडे पोचवा. तो पाठवतानाही जोडलेलं व्हॉट्सॲप वापरू नका, नाहीतर पलीकडे तोही दिसेल. मैत्रिणीच्या मोबाइलने फोटो काढणं सगळ्यात सोपं. नाजूक बोलणं तेवढे दिवस त्या खात्यावरून थांबवा. सेशन कधी बंद करायचं, हे ती बाई ठरवेल. तिला मदत लागली तर महिलांची हेल्पलाइन १८१ आहे. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करायचा, बाकी सायबर तक्रार `cybercrime.gov.in` वर नोंदवता येते. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, आणि त्यात नातेवाइकांना सूट दिलेली नाही.

आता प्रश्न घेऊ. मी बोलत असताना मागच्या रांगेत दोघी-तिघींनी यादी उघडलेली मला दिसली. त्यात काही न ओळखणारं असेल तर ते इथे मोठ्याने वाचून दाखवू नका आणि घाईने बंदही करू नका. चहाच्या वेळी मी खिडकीपाशी बसतो, आपा पण बसतील. तिथे या, ओळ-ओळ वाचू.